प्रत्येक केमो म्हणजे नवी भरती

आठ केमो आणि पंधरा शेक. गेल्या वर्षी आमच्या वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर डॉक्टरांनी एका कागदावर एवढं लिहून दिलं. उपचार पुण्यात आणि घर साताऱ्याला. दुकान सोडून दादाला हलता येत नव्हतं, म्हणून विम्याच्या कागदांचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, शस्त्रक्रियेचा क्लेम मंजूर झाला म्हणजे कंपनीला आजार मान्य झाला, पुढचे पैसे त्याच ओघात येत राहतील. तसं होत नाही. विमा कंपनीच्या लेखी प्रत्येक केमो ही वेगळी भरती असते. तिला वेगळा क्लेम नंबर पडतो आणि ती पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. वहिनींच्या तिसऱ्या केमोचा क्लेम परत आला, तेव्हा मला हे कळलं.

नाकारल्याच्या पत्रात कारण एका ओळीचं होतं: उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचे असल्यामुळे देय नाहीत. पहिल्या दोन केमोंना पैसे मिळाले होते. औषध तेच, डॉक्टर तेच, खुर्चीसुद्धा तीच. मग फरक कुठे पडला? कागद पुढ्यात मांडल्यावर तो दिसला. त्या दिवशी डे केअरच्या काउंटरवर गर्दी होती, म्हणून बिल ओपीडीच्या काउंटरवरून निघालं. त्यावर आंतररुग्ण नंबर नव्हता, भरतीची आणि सुटीची वेळ नव्हती. डिस्चार्ज कार्डच्या जागी डॉक्टरांची औषधांची चिठ्ठी जोडलेली होती. वहिनी सकाळी दहापासून संध्याकाळी चारपर्यंत सलाईन लावून तिथे होत्या, पण कागदावर त्या ओपीडीत डोकावून घरी गेल्या होत्या.

ही चूक का महाग पडते, हे समजायला नियमाकडे पाहावं लागतं. आपल्याकडच्या आरोग्य विम्याचा पाया म्हणजे रुग्णालयात सलग २४ तास भरती. ओपीडीतला खर्च साध्या पॉलिसीत येत नाही. याला अपवाद डे केअरचा. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला इर्डा म्हणतो त्याने, डे केअरची व्याख्या ठरवून दिली आहे. तिचा आशय असा, की एरवी २४ तासांहून जास्त भरती लागली असती असा उपचार किंवा शस्त्रक्रिया, तंत्रज्ञान सुधारल्यामुळे भूल देऊन २४ तासांच्या आत उरकत असेल, तर ती डे केअर. जे उपचार सहसा ओपीडीत होतात, ते मात्र यात धरायचे नाहीत.

आता ही व्याख्या केमोला लावून पाहा. केमोत भूल कुठे असते? शस्त्रक्रिया कुठे असते? शेक तर दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि माणूस चालत बाहेर येतो. नुसत्या व्याख्येवर बोट ठेवलं, तर दोन्ही उपचार ओपीडीचेच वाटतील. म्हणूनच पॉलिसीत त्यांची नावं स्वतंत्रपणे घातलेली असतात. जुन्या मेडिक्लेम पॉलिसींमध्ये २४ तासांची अट डायलिसिस, केमोथेरपी, रेडिओथेरपी यांना लागू नाही, असं स्पष्ट छापलेलं असे. आजच्या पॉलिसीत हे एक तर डे केअर उपचारांच्या यादीत सापडतं, नाही तर 'सर्व डे केअर उपचार समाविष्ट' अशा वाक्यात. आपल्या पॉलिसीतलं ते पान शोधून त्याची झेरॉक्स फाइलच्या वरच ठेवावी. क्लेम ओपीडीच्या नावाखाली परत आला, तर उत्तराची सुरुवात त्याच पानापासून होते.

त्याच व्याख्येमुळे दुसरी एक अडचण येते, आणि ती पहिल्या केमोच्या आधीच तपासायला हवी. अनेक गावांत आता कर्करोगतज्ज्ञ स्वतःच्या छोट्या केंद्रात केमो देतात. चार खुर्च्या, दोन नर्स, चांगले डॉक्टर. घराजवळ असल्यामुळे रुग्णाची दगदग वाचते. पण इर्डाच्या व्याख्येतल्या डे केअर सेंटरला प्रशिक्षित नर्स आणि पात्र डॉक्टर लागतात, रोजच्या नोंदी लागतात आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृहही लागतं. रुग्णालय म्हणून मान्यता हवी, तर स्थानिक नोंदणी असावी लागते. ती नसल्यास किमान खाटा मोजतात: दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात १० आणि त्याहून मोठ्या शहरात १५. केंद्र या चौकटीत बसत नसेल, तर उपचार कितीही योग्य असला तरी क्लेम अडकतो. तेव्हा केंद्राला त्यांचा नोंदणी क्रमांक आधी मागून घ्या आणि तो टीपीएला कळवून लेखी होकार घ्या. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था. फोनवरचा होकार पुढे कोणाला आठवत नाही, म्हणून ईमेलच करावा.

वहिनींचं रुग्णालय विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत नव्हतं. त्यामुळे आधी पैसे भरायचे आणि मागून परत मिळवायचे, असा आमचा मार्ग होता. तिसऱ्या क्लेमसाठी मी रुग्णालयाच्या विमा विभागात गेलो. तिथल्या ताईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "काका, बिल चुकलंय आमच्याकडून. पण तुम्ही त्या दिवशीच बघायला हवं होतं." त्यांचं दुसरं वाक्यही खरं होतं. त्यांनी बिल दुरुस्त करून दिलं, डे केअरचं डिस्चार्ज कार्ड काढून दिलं, नर्सनी दर तासाला भरलेल्या तक्त्याची प्रत काढून तिच्यावर शिक्का मारला. पॉलिसीतलं ते पान जोडून मी फेरविचाराचा अर्ज केला आणि क्लेम मंजूर झाला. मधल्या काळात चौथी आणि पाचवी केमो खिशातल्या पैशांवर गेली.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. केमो संपली की वहिनींना गाडीत बसवण्याआधी डिस्चार्ज कार्ड तिथेच उभं राहून वाचायचं. त्यावर आंतररुग्ण नंबर आहे का, भरतीची आणि सुटीची तारीख आणि वेळ आहे का, हे आधी. मग निदान पूर्ण लिहिलंय का. नुसतं 'केमोसाठी भरती' एवढं पुरत नाही. कोणत्या अवयवाचा कर्करोग, शस्त्रक्रिया कधी झाली, आठपैकी ही कितवी सायकल, कोणतं औषध किती मिलिग्रॅम आणि कोणत्या मार्गाने दिलं, हे सगळं त्या एका पानावर हवं. क्लेम तपासणाऱ्यापुढे वहिनी नसतात, तो एक कागद असतो.

औषधाच्या मात्रेवरून येणारी शंका समजून घेण्यासारखी आहे. केमोची मात्रा उंची आणि वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरते. वहिनींचा तो आकडा १.६ चौरस मीटर होता. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध त्यांना चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम या हिशेबाने द्यायचं होतं, म्हणजे ९६ मिलिग्रॅम. पण त्याची बाटली ५० मिलिग्रॅमची येते, म्हणून बिलावर दोन बाटल्या, १०० मिलिग्रॅम. तक्त्यात ९६ आणि बिलात १०० दिसलं की तपासणारा विचारतो. उरलेलं औषध ठेवून पुढच्या वेळी वापरता येत नाही, ते टाकून द्यावं लागतं. डिस्चार्ज कार्डवर उंची, वजन आणि काढलेली मात्रा लिहिलेली असली की प्रश्न तिथेच मिटतो. महागड्या औषधांच्या बाटल्यांवरचे बॅच नंबर बिलाशी जुळतात का, हेही पाहिलं जातं. म्हणून बाटलीचं लेबल किंवा रिकामा खोका नर्सकडून मागून घ्यावा आणि फाइलला लावावा.

वहिनींना पहिल्या चार केमोंनंतर दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन असायचं, पांढऱ्या पेशी वाढवणारं. ते केमोनंतर २४ तास उलटल्यावरच द्यायचं असतं, त्यामुळे रुग्णालयात थांबून घेण्याचा प्रश्न येत नाही. आम्ही ते साताऱ्यात आमच्या डॉक्टरांकडे घ्यायचो. इंजेक्शन साताऱ्याच्या मेडिकलमधून घेतलेलं, साधारण चार हजारांचं. पहिल्याच वेळी त्यावर कात्री लागली: उपचार रुग्णालयाबाहेरचा. पण पॉलिसीत भरतीनंतरच्या खर्चाची तरतूद असते. आरोग्य संजीवनी या इर्डाने आखून दिलेल्या पॉलिसीत भरतीच्या आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरलेले आहेत. बऱ्याच पॉलिसींत हे दिवस याहून जास्त असतात. त्या काळात त्याच आजारावर झालेला खर्च ओपीडीतला असला तरी चालतो. अट एवढीच, की मूळ भरतीचा क्लेम मंजूर झालेला हवा आणि खर्चाचं नातं त्या भरतीशी जुळायला हवं. ते नातं डिस्चार्ज कार्डवरच्या एका ओळीने जुळतं: 'उद्या २४ तासांनंतर अमुक इंजेक्शन.' दुसऱ्या केमोपासून मी ती ओळ लिहून घेत गेलो, आणि मग कात्री लागली नाही.

दर २१ दिवसांनी केमो असली की हे आधीचे आणि नंतरचे दिवस एकमेकांवर चढतात. दोन केमोंच्या मधली रक्ततपासणी ही आधीच्या केमोच्या नंतरचा खर्च असते आणि पुढच्या केमोच्या आधीचाही. एक बिल दोन क्लेममध्ये गेलं, तर दोन्ही क्लेमवर संशय येतो. म्हणून प्रत्येक बिलावर मी पेन्सिलीने क्लेम नंबर लिहीत असे.

पण कोणतं बिल कुठे लावायचं, याला कधी कधी पैशांचा अर्थही असतो. वहिनींची पॉलिसी ३ लाखांची, नूतनीकरण २० सप्टेंबरला. केमोच्या तारखा पडल्या ४ ऑगस्ट, २५ ऑगस्ट, १५ सप्टेंबर, ६ ऑक्टोबर आणि पुढे. म्हणजे जुलैतली शस्त्रक्रिया आणि तीन केमो जुन्या वर्षात, पाच केमो आणि शेक नव्या वर्षात. कोणत्या वर्षाच्या रकमेतून पैसे जाणार, हे भरतीच्या तारखेवरून ठरतं. शस्त्रक्रियेला १ लाख ८० हजार लागले होते आणि पहिल्या केमो प्रत्येकी साधारण २५ हजारांच्या. जुन्या वर्षाचे झाले २ लाख ५५ हजार, म्हणजे ४५ हजार शिल्लक, जे २० तारखेनंतर उपयोगाचे नव्हते. नव्या वर्षात एक केमो २५ हजारांची, दुसऱ्या औषधाच्या चार केमो प्रत्येकी ३० हजारांच्या आणि शेकाचे दीड लाख मिळून २ लाख ९५ हजार होणार होते. म्हणजे नवं वर्ष काठोकाठ भरलेलं आणि तपासण्यांना जागाच नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रक्त, यकृत, मूत्रपिंड आणि हृदयाची टूडी इको मिळून पाच हजारांच्या तपासण्या झाल्या. त्या मी १५ सप्टेंबरच्या केमोच्या 'नंतरचा खर्च' म्हणून लावल्या. त्या केमोपासूनच्या ६० दिवसांत त्या बसत होत्या आणि त्या औषधाचा परिणाम पाहायलाच केलेल्या होत्या, तेव्हा त्यात लपवाछपवी काही नव्हती. रक्कम जुन्या वर्षाच्या शिलकीतून मिळाली.

नूतनीकरणाची तारीख उपचारांच्या मधे येत असेल, तर हप्ता काही दिवस आधीच भरा. मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस मिळतात आणि पॉलिसी चालू राहते, पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला त्या मोकळ्या दिवसांतल्या उपचारांचं संरक्षण मिळत नाही. नेमकी त्याच आठवड्यात केमो आली तर तिचे पैसे गेले. आधीच्या वर्षी क्लेम केले म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, ही भीती मनातून काढून टाका. संपलेली रक्कम वर्षातच पुन्हा भरून देण्याची सोय पॉलिसीत असेल, तर तिची अट मात्र नीट वाचा. कित्येक पॉलिसींत ती रक्कम त्याच आजारासाठी वापरता येत नाही, आणि कर्करोगात तर सगळे क्लेम एकाच आजाराचे असतात.

शेकाचा, म्हणजे रेडिओथेरपीचा, हिशेब याहून वेगळा. पंधरा बैठका, सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. त्याचे पंधरा क्लेम होत नाहीत. रुग्णालय सहसा पूर्ण कोर्सचं एक पॅकेज लावतं आणि क्लेमही एकच असतो. सुरुवातीला सीटी स्कॅन करून किरण कुठून सोडायचे त्याचं नियोजन होतं. डोक्या-मानेच्या कर्करोगात चेहऱ्यावर बसवायचा साचा तयार होतो. हे काम पहिल्या बैठकीच्या आधी काही दिवस होतं आणि त्याचं बिल पुष्कळदा ओपीडीचं निघतं. ते पॅकेजमध्ये धरलंय की वेगळं आहे, हे अंदाजपत्रकावर लिहून घ्या. वेगळं असेल तर ते आधीच्या खर्चात मागा. कोणत्या तंत्राने शेक देणार, हेही मंजुरीपत्रात हवं, कारण साध्या आणि संगणकाने आकार दिलेल्या किरणांच्या दरात मोठी तफावत असते.

मंजुरीपत्रावर तारखाही असतात. वहिनींच्या शेकाच्या काळात मशीन दोन दिवस बंद पडलं आणि एक दिवस रक्ताचे आकडे खाली आले म्हणून सुटी मिळाली. कोर्स तीन दिवस पुढे गेला. कॅशलेसवाल्यांनी अशा वेळी मुदत वाढवून घ्यायची. आमच्यासारख्यांनी शेवटी एकच समाप्ती-पत्र घ्यायचं, ज्यात पहिली आणि शेवटची तारीख, बैठकांची संख्या, एकूण मात्रा आणि मधल्या खंडाचं कारण येतं. सोबत रोजच्या बैठकींचा तक्ता. पंधरा सुट्या पावत्या जोडल्या आणि हे पत्र नसलं, तर पंधरा ओपीडी भेटी दिसतात.

सगळंच मिळतं असं नाही. शिरेतून दिलेली केमो डे केअरच्या यादीत सुरक्षित आहे. घरी घ्यायच्या केमोच्या गोळ्या आणि मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं पूर्वी सर्रास नाकारली जात. इर्डाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत ती आली, त्यामुळे आता सरसकट वगळता येत नाहीत. पण कंपनीला त्यावर मर्यादा घालता येते. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. हाडांना बळ देणारी इंजेक्शनं, हार्मोनच्या गोळ्या, त्वचेखाली पाच मिनिटांत देऊन होणारी औषधं इथे मात्र वाद होतात, कारण त्यांचं नाव ना केमोच्या खाली ठामपणे येतं, ना भरतीच्या. वहिनींना आता पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची आहे. शेवटच्या उपचारानंतरचे ६० दिवस तिचे पैसे मिळाले, पुढचे आमचे आम्हीच भरतो. पुण्यात तीन आठवडे खोली घेऊन राहिलो, तो खर्चही कुठे बसत नाही.

फाइलीबद्दल एक सांगतो. दर क्लेमला फॉर्मचा एक भाग आपण भरायचा आणि दुसरा रुग्णालयाने. मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड हे दर वेळी नवं. पण बायोप्सीचा अहवाल, शस्त्रक्रियेचं कार्ड आणि डॉक्टरांचं आठ सायकलचं योजनापत्र आठही वेळा मागितलं गेलं, पहिल्या क्लेममध्ये मूळ प्रत दिलेली असूनही. म्हणून मूळ कागद हातून जाण्याआधी त्यांच्या दहा झेरॉक्स काढून रुग्णालयाचा शिक्का मारून घ्या आणि प्रत्येक पत्रावर आधीचे क्लेम नंबर लिहा. आरोग्य संजीवनीत ठरलेल्या भरतीची सूचना ४८ तास आधी आणि कागद सुटीनंतर ३० दिवसांत द्यायचे असतात. आपल्या पॉलिसीची मुदत वेगळी असू शकते. पण सूचना दर सायकलला द्यावी लागते, एकदा देऊन भागत नाही.

पॉलिसीच नसेल, तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात केमो आणि शेक यांची पॅकेजं ठरलेली आहेत आणि यादीतल्या रुग्णालयात रुग्णाला पैसे भरावे लागत नाहीत. तिथेही मंजुरी लागतेच, पण ती रुग्णालय ऑनलाइन मागतं. आपण शिधापत्रिका, फोटो ओळखपत्र आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. एक काळजी घ्या: यादीत नसलेल्या ठिकाणी पैसे भरून केमो घेतली, तर ते पैसे मागून परत मिळतील असं धरून चालू नका. पहिल्या सायकलच्या आधीच त्यांच्याकडे जा.

क्लेम नाकारला, तर पत्रात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. तिथे नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, कारण तिसऱ्या क्लेमची दुरुस्ती रुग्णालयातच झाली. ती त्या दिवशी चार वाजता झाली असती, तर दादाला दुकानातला माल उधार आणावा लागला नसता. तुमच्या घरात कोणाची केमो चालू असेल, तर आज त्यांचं मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर भरतीची वेळ लिहिलेली आहे का, एवढं बघा.